बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आणि एक ग्रॅम औषध : एका गोषवाऱ्याची फोड

गोव्यात डिचोली, सत्तरी, पेडण्याकडून नर्सिंगला येणाऱ्या बऱ्याच मुली चौथीपर्यंत मराठीतून शिकलेल्या असतात. नंतरचं शिक्षण इंग्रजीत होतं, त्यामुळे इंग्रजी वाचता येत नाही असं कोणाचंच नसतं. तरीही पहिल्या वर्षी सेमिनारसाठी एखाद्या वैद्यकीय नियतकालिकातला गोषवारा हातात पडला की त्या अडतात. शब्दकोश उघडून उपयोग होत नाही. शोधनिबंधाचे लेखक सहा वर्षांचं काम तीनशे-साडेतीनशे शब्दांत बसवतात आणि वाचणाऱ्याला सगळं आधीच माहीत आहे असं गृहीत धरतात. संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती हे विषय तर अभ्यासक्रमात पुढे येतात.

म्हणून इथे एकच गोषवारा घेऊ आणि तो पहिल्या वर्षाच्या मुलीला कळेल अशा वाक्यांत उतरवून पाहू. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१७ साली आलेली ‘वुमन’ ही चाचणी मी मुद्दाम निवडली. लेबर रूममध्ये काम करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला तिचा निष्कर्ष लागतो. आणि वरवर वाचणाऱ्याला फसवण्याच्या दोन-तीन उत्तम जागा तिच्यात आहेत.

आधी प्रश्न समजून घेऊ

बाळ आणि वार बाहेर आल्यावर थोडं रक्त जाणारच. योनीमार्गे बाळंतपणात पाचशे मिलिलिटरपेक्षा आणि सिझेरियनमध्ये एक लिटरपेक्षा जास्त रक्त गेलं, किंवा कितीही गेलं असो, पण नाडी आणि रक्तदाब ढासळू लागला, तर त्या अवस्थेला या चाचणीत प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव मानलं होतं. वॉर्डात त्याला सगळे पीपीएच म्हणतात. आपणही तेच म्हणू.

हा रक्तस्राव थांबवण्याचं मुख्य काम गर्भाशय स्वतःच करतं. ते आवळलं की त्याच्या स्नायूंमधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ऑक्सिटोसिन देतात ते यासाठीच. त्याच वेळी उघड्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी रक्ताची गुठळी बनते. फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी तयार होते आणि रक्तपेशी तिच्यात अडकतात. पण शरीराकडे ही जाळी तोडणारं द्रव्यही असतं, त्याचं नाव प्लाझ्मिन. एरवी ते उपयोगी असतं, काम झालेल्या गुठळ्या तेच साफ करतं. मोठ्या रक्तस्रावात मात्र ते फार लवकर आणि फार जोरात कामाला लागतं, आणि नुकतीच बनलेली गुठळी विरघळू लागते.

आपल्याकडच्या खाजन शेतीतला मातीचा बांध डोळ्यांसमोर आणा. नदीचं खारं पाणी अडवायला तो घालतात आणि कुर्ल्या त्याला भोकं पाडतात. भोक वेळेवर सापडलं नाही तर भरतीच्या पाण्याने ते रुंदावतं आणि बांध फुटतो. इथे गुठळी म्हणजे बांध, आणि प्लाझ्मिन म्हणजे भोकं पाडणारी कुर्ली. ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे औषध नवा बांध घालत नाही. ते कुर्लीला बांधाची माती धरू देत नाही, म्हणजे आहे तो बांध टिकतो. हे चित्र लक्षात राहू द्या. पुढे ‘तीन तास’ हा आकडा येईल तेव्हा ते लागेल.

औषध नवीन नाही. जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या शास्त्रज्ञ दांपत्याने ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलं. २०१० मध्ये ‘क्रॅश-२’ या वीस हजारांहून अधिक अपघातग्रस्तांवरच्या चाचणीत, जखमेतून रक्त जाणाऱ्यांना ते लवकर दिलं तर मृत्यू कमी होतात असं दिसलं. बाळंतिणींमध्येही तसंच होतं का, हा ‘वुमन’ चाचणीचा प्रश्न.

एका वाक्यात कोंबलेली सहा वाक्यं

गोषवाऱ्याचा ‘पद्धती’ हा भाग मुली साधारण असा उतरवतात : ‘या यादृच्छिक, दुहेरी-अंध, प्लासिबो-नियंत्रित चाचणीत योनीमार्गे प्रसूती वा सिझेरियननंतर पीपीएचचे वैद्यकीय निदान झालेल्या १६ वर्षे व त्यावरील स्त्रियांना नेहमीच्या उपचारांसह १ ग्रॅम शिरेवाटे ट्रानेक्झॅमिक ॲसिड अथवा अनुरूप प्लासिबो देण्यात आला.’

शब्द सगळे बरोबर आहेत आणि समजलं काहीच नाही. अशा वाक्याला मी नेहमी एकेक प्रश्न विचारायला सांगते. कोणाला दिलं? काय दिलं? ज्यांना औषध दिलं नाही त्यांना काय दिलं? कोणाला काय मिळणार हे कोणी ठरवलं? कोणाला ते माहीत होतं? बाकीचे उपचार चालू होते का?

उत्तरं लिहिली की तेच वाक्य असं होतं. बाळंतपणानंतर ज्यांना फार रक्त जात होतं अशा, किमान १६ वर्षांच्या स्त्रिया या चाचणीत घेतल्या. ऑक्सिटोसिन, सलाईन, रक्त वगैरे जे नेहमीचे उपचार गरजेप्रमाणे व्हायचे, ते सगळ्यांना मिळाले. त्याच्या जोडीला अर्ध्याजणींना एक ग्रॅम ट्रानेक्झॅमिक ॲसिड शिरेतून दिलं. उरलेल्यांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं इंजेक्शन दिलं, त्याला प्लासिबो म्हणतात. कोणाला काय मिळणार हे डॉक्टरने ठरवलं नाही, नशिबाने ठरलं. आणि इंजेक्शन देणाऱ्यांना, घेणारीला किंवा नंतर निकाल नोंदवणाऱ्यांना यात नेमकं काय होतं ते माहीत नव्हतं.

‘नशिबाने’ हे प्रत्यक्षात कसं केलं, ते गोषवाऱ्यातच आहे आणि सहज नजरेतून सुटतं. हॉस्पिटलमध्ये आठ-आठ पाकिटांच्या पेट्या होत्या. पाकिटांवर फक्त वेगवेगळे क्रमांक, बाकी सगळी सारखी. रुग्ण आली की त्यातलं एक पाकीट उचलायचं. रात्री दोन वाजता रक्त वाहत असताना कोणाला फोन लावून ‘हिला कोणत्या गटात घालू?’ असं विचारत बसायची गरज नाही. चाचणीची आखणी करणाऱ्यांनी लेबर रूम पाहिलेली होती, हे या एका तपशिलावरून कळतं.

इतका खटाटोप कशासाठी? समजा, औषध कोणाला द्यायचं ते डॉक्टरांवर सोडलं असतं. त्यांनी साहजिकच जास्त गंभीर बाईला औषध दिलं असतं. मग त्या गटात जास्त बायका दगावल्या असत्या आणि औषधच वाईट, असा उलटा निष्कर्ष निघाला असता. नशिबावर सोपवलं की दोन्ही गटांत गंभीर आणि कमी गंभीर बायका साधारण सारख्या विभागल्या जातात.

याच भागात आणखी एक अवघड वाक्प्रयोग आहे, ‘इंटेन्शन टू ट्रीट’. त्याचा अर्थ एवढाच की जिच्यासाठी जे पाकीट उचललं गेलं, त्याच गटात तिची मोजणी झाली. पुढे काही कारणाने तिला पूर्ण डोस मिळाला नाही, तरी तिला दुसऱ्या गटात ढकललं नाही. नाहीतर नशिबाने केलेली वाटणी आपणच मोडली असती.

हजारातल्या किती?

मार्च २०१० ते एप्रिल २०१६ या काळात २१ देशांतल्या १९३ हॉस्पिटलांमधून २०,०६० स्त्रिया घेतल्या गेल्या. हिशेबात शेवटी औषधाच्या गटात १०,०३६ आणि प्लासिबोच्या गटात ९,९८५ उरल्या. मधल्या ३९ कुठे गेल्या, हा प्रश्न मुलींनी विचारावा अशी माझी फार इच्छा असते, कारण हरवलेले रुग्ण पुष्कळ असले तर चाचणीवरचा भरवसा उडतो. इथे वीस हजारांत ३९ म्हणजे नगण्य.

आता निकाल. रक्तस्रावामुळे औषधाच्या गटात १५५ स्त्रिया दगावल्या आणि प्लासिबोच्या गटात १९१. गोषवारा हे १.५ टक्के आणि १.९ टक्के असं मांडतो. दशांशातले टक्के वाचताना डोकं थांबतं, म्हणून ते हजारावर न्या. पीपीएच झालेल्या हजार बायकांमध्ये औषध न दिल्यास रक्तस्रावाने सुमारे १९ दगावल्या, औषध दिल्यास सुमारे १५. म्हणजे हजारामागे चार कमी. प्रत्येकीसमोर बेड, नाव आणि घरचे लोक आहेत असं धरून वाचलं की हे चार फार मोठे वाटतात. औषध स्वस्त आहे हे लक्षात घेतलं तर आणखीच मोठे.

इथेच मुलींचा पाय घसरतो. गोषवाऱ्यात पुढे ‘रिलेटिव्ह रिस्क ०.८१’ असं येतं. म्हणजे औषध घेतलेल्यांचा धोका न घेतलेल्यांच्या धोक्याच्या ०.८१ पट. १.५ ला १.९ ने भागलं की साधारण तेवढंच येतं. त्यावरून ‘धोका १९ टक्क्यांनी कमी झाला’ असं म्हणता येतं आणि ते खरंही आहे. पण वर प्लासिबो गटात मृत्यू १.९ टक्के होते आणि इथे घट १९ टक्के आहे. आकडे सारखे दिसतात, पण त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. एका सेमिनारमध्ये ‘या औषधाने शंभरातल्या १९ माता वाचतात’ असं वाक्य मी ऐकलं आहे. शंभरातल्या जेमतेम दोघी मुळात दगावत होत्या. १९ वाचणार कशा?

म्हणून माझा आग्रह असा की सोप्या भाषेत लिहिताना ‘इतक्या टक्क्यांनी कमी’ हे वाक्य एकटं लिहूच नये. आधी ‘हजारातल्या १९ ऐवजी १५’ लिहावं. मग हवं तर ‘म्हणजे सुमारे एक पंचमांश कमी’ असं जोडावं.

कंसातले आकडे

०.८१ च्या पुढे कंसात ०.६५ ते १.०० आणि ‘पी = ०.०४५’ असतं. बहुतेक मुली हे कंस वगळून वाचतात. खरं तर लेखकांना आपल्या निकालाची किती खात्री आहे ते तिथेच लिहिलेलं असतं.

पहिल्या जोडीला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. चाचणी एकदाच झाली, वेगळ्या वीस हजार बायका घेतल्या असत्या तर आकडा थोडा वेगळा आला असता. म्हणून लेखक एक पट्टा देतात : आमच्या माहितीशी जुळणारा परिणाम साधारण या पट्ट्यात आहे. ०.६५ म्हणजे धोका ३५ टक्क्यांनी कमी. १.०० म्हणजे काहीच फरक नाही, कारण कोणत्याही संख्येला एकाने गुणलं तर ती तेवढीच राहते. म्हणजे हा पट्टा म्हणतो की फायदा बराच मोठा असू शकतो, पण अगदी नगण्यही असू शकतो. पट्ट्याचं एक टोक ‘काहीच फरक नाही’ला टेकलं आहे, हे लिहून ठेवायचं.

आता पी-व्हॅल्यू. समजा, औषध नुसतं पाणी आहे, त्याचा काही उपयोग नाही. तरीही योगायोगाने एका गटात मृत्यू कमी आणि दुसऱ्यात जास्त होऊ शकतात. औषध निरुपयोगी असताना, इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, याचं उत्तर म्हणजे पी. इथे ते हजारात ४५ आहे. वैद्यकीय संशोधनात हजारात पन्नासची रेघ रूढ झाली आहे आणि त्याखालच्या निकालाला ‘लक्षणीय’ म्हणतात. हा निकाल त्या रेघेच्या अगदी कडेवरून आत आला आहे.

पी म्हणजे ‘औषध निरुपयोगी असण्याची शक्यता साडेचार टक्के’ नव्हे. हे चुकीचं वाक्य इतकं सर्रास वापरलं जातं की शिकलेसवरलेलेही बोलून जातात. पी काढताना औषध निरुपयोगी आहे हे आधी धरून चाललेलो असतो. जे धरून चाललो त्याचीच शक्यता त्या हिशेबातून निघत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलीसाठी मी एवढंच लिहीन : ‘हा फरक केवळ योगायोगाचा असणं अवघड वाटतं, पण पुरावा भक्कम म्हणावा इतका नाही.’

मग मुख्य निकाल कुठे गेला?

गोषवारा बारकाईने वाचणाऱ्या मुलीला इथे एक विचित्र गोष्ट दिसेल. संशोधकांनी सुरुवातीला जो निकाल मोजायचं ठरवलं होतं, तो रक्तस्रावाने झालेले मृत्यू हा नव्हताच. बाळंतपणापासून ४२ दिवसांत कोणत्याही कारणाने मृत्यू किंवा गर्भाशय काढावं लागणं, या दोन्ही गोष्टी एकत्र करून त्यांनी मुख्य निकाल धरला होता. त्यात औषधाच्या गटात ५३४ आणि प्लासिबोच्या गटात ५४६. हजारावर आणलं तर ५३ आणि ५५. पी ०.६५. म्हणजे जवळजवळ काहीच फरक नाही.

हे वाचून दोन टोकं होतात. काहीजणी म्हणतात, चाचणी फसली. काहीजणी हा भाग गाळूनच टाकतात, कारण तो निष्कर्षाशी जुळत नाही. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती वाचणाऱ्याला दिसत नाही.

फरक का पडला नाही, याचं कारण संशोधकांनी दिलेलं आहे आणि ते लेबर रूममधल्या कोणालाही पटेल. चाचणी चालू असताना त्यांच्या लक्षात आलं की बऱ्याच ठिकाणी गर्भाशय काढायचा निर्णय आणि चाचणीचं पाकीट उचलणं एकाच वेळी होत होतं. बाई थिएटरमध्ये निघालीच आहे, आणि तेव्हाच इंजेक्शन दिलं जातंय. अशा वेळी औषध तिचा जीव वाचायला मदत करू शकतं, पण ठरलेली शस्त्रक्रिया ते रद्द करू शकत नाही. गर्भाशय काढलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं, साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहिलं. ही मोठी, न हलणारी संख्या मृत्यूंच्या छोट्या संख्येत मिसळली की मृत्यूंमधला फरक तिच्यात बुडतो.

म्हणून त्यांनी स्त्रियांची संख्या १५ हजारांवरून २० हजारांवर नेली. रक्तस्रावाने होणाऱ्या मृत्यूंवर काय परिणाम होतो हे स्वतंत्रपणे दिसावं, हा हेतू. निकाल उघडण्याआधी, कारण सांगून केलेला बदल आणि निकाल पाहून आपल्याला सोयीचा आकडा पुढे करणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही सावध वाचक हे लक्षात ठेवतोच की आधी ठरवलेला मुख्य निकाल नकारात्मक आला. कोणत्याही कारणाने झालेले एकूण मृत्यू वेगळे मोजले तर ते औषधाच्या गटात २.३ आणि प्लासिबोच्या गटात २.६ टक्के होते, आणि हा फरक योगायोगाने पडू शकेल इतका लहान आहे. सोप्या भाषेतल्या लेखनात हे गाळलं तर ते लेखन सोपं राहत नाही, जाहिरात होते.

तीन तासांचं कोडं

या गोषवाऱ्यातला सर्वांत कामाचा आकडा रक्तस्रावाच्या मृत्यूंच्याच वाक्यात पुढे आहे. ज्यांना बाळ जन्मल्यापासून तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालं, त्यांच्यात रक्तस्रावाने मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आले. हजारात १७ ऐवजी १२. रिलेटिव्ह रिस्क ०.६९, पट्टा ०.५२ ते ०.९१, पी ०.००८. हा पट्टा १.०० पासून स्पष्टपणे दूर आहे आणि पी हजारात आठ. तीन तासांनंतर दिलेल्यांमध्ये फायदा दिसला नाही.

हिशेब करून पाहू. हजारजणींना वेळेत औषध दिलं तर पाच मृत्यू कमी, म्हणजे दोनशेजणींना दिलं तर एक. उरलेल्या १९९ पैकी बहुतेकजणी औषधाशिवायही वाचल्या असत्या आणि दोघी-तिघी औषध देऊनही वाचल्या नसत्या. यातली ‘ती एक’ कोण हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांना द्यायचं.

इथे एक आक्षेप रास्त आहे. निकाल आल्यावर रुग्णांचे तुकडे पाडत गेलं, सकाळच्या आणि संध्याकाळच्या, उंच आणि बुटक्या, तर कुठल्या ना कुठल्या तुकड्यात योगायोगाने छान आकडा सापडतोच. मग तीन तासांवर विश्वास का ठेवायचा? एक तर हा तुकडा नंतर सुचलेला नाही. ‘क्रॅश-२’मध्येही तीन तासांच्या आतच फायदा दिसला होता, त्यामुळे वेळ महत्त्वाची ठरणार ही अपेक्षा आधीच होती. दुसरं, २०१८ साली दोन्ही चाचण्यांतल्या मिळून ४०,१३८ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात दिसलं की औषध द्यायला प्रत्येक पंधरा मिनिटं उशीर झाला की जीव वाचण्यातला फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटत जातो, आणि तीन तासांनंतर तो उरत नाही. आणि तिसरं म्हणजे आपला बांध. कुर्ली भोकं पाडत असते तेव्हाच तिला रोखण्यात अर्थ आहे. बांध वाहून गेल्यावर कुर्लीला रोखून काय होणार?

सोप्या वाक्यांत पूर्ण गोषवारा

आता सगळं एकत्र लिहू. सेमिनारच्या कागदावर मला हे असं आलेलं आवडेल :

‘बाळंतपणानंतर फार रक्त गेल्याने माता दगावतात. ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे औषध रक्ताची गुठळी लवकर विरघळू देत नाही. ते दिल्याने मृत्यू कमी होतात का, हे पाहण्यासाठी २१ देशांतल्या वीस हजारांवर स्त्रियांची नशिबाने दोन गटांत वाटणी केली. सगळ्यांना नेहमीचे उपचार मिळाले. शिवाय एका गटाला एक ग्रॅम औषध शिरेतून दिलं, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन. अर्ध्या तासानंतरही रक्त थांबलं नाही, किंवा थांबून २४ तासांत पुन्हा सुरू झालं, तर दुसरा डोस देता येत होता. कोणत्याही कारणाने मृत्यू किंवा गर्भाशय काढणं, हे दोन्ही मिळून मोजलं तेव्हा गटांत फरक दिसला नाही. केवळ रक्तस्रावाने झालेले मृत्यू मोजले तेव्हा हजारात १९ ऐवजी १५ आढळले, हा पुरावा काठावरचा आहे. बाळंतपणापासून तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत हजारात १७ ऐवजी १२ मृत्यू झाले आणि हा पुरावा जास्त भक्कम आहे. रक्तवाहिन्यांत गुठळी अडकण्यासारखे दुष्परिणाम दोन्ही गटांत सारखेच होते.’

मूळ गोषवाऱ्यापेक्षा यात संज्ञा फार कमी आहेत. पण ‘फरक दिसला नाही’ आणि ‘काठावरचा’ हे दोन्ही शिल्लक आहेत. सोपं करताना काय गाळलं यापेक्षा काय ठेवलं ते मी आधी तपासते.

‘हे आपल्या गोव्याला लागू होतं का?’

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि चांगला आहे. चाचणीतल्या सर्वाधिक स्त्रिया नायजेरिया आणि पाकिस्तानातल्या होत्या. तिथल्या बऱ्याच हॉस्पिटलांत रक्त वेळेत मिळणं हीच अडचण असते. औषधाचं रासायनिक काम देश बघून बदलत नाही, म्हणून ‘धोका सुमारे तीन दशांशाने कमी’ हे प्रमाण इथेही साधारण तसंच राहील असं मानायला हरकत नाही. पण हजारामागे किती जीव वाचतील हे मुळात किती दगावतात यावर ठरतं. जिथे रक्तपेढी शेजारी आहे आणि ऑपरेशन थिएटर चोवीस तास चालू आहे, तिथे पीपीएचने हजारात १७ मृत्यू होतच नाहीत. समजा तिथे हजारात एक होत असेल, तर तीन दशांश कमी म्हणजे दहा हजारांत तीन. फायदा आहेच, पण आकडा लहान.

लांबच्या ठिकाणाहून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलेल्या बाईची गोष्ट वेगळी. काणकोण किंवा वाळपईच्या बाजूने कोणाला बांबोळीला हलवायचं ठरलं, तर ॲम्ब्युलन्स येणं, रुग्ण चढवणं, प्रवास, कॅज्युअल्टी यात तीन तासांतला मोठा तुकडा जातो. आणि हे घड्याळ रक्तस्राव लक्षात आल्यापासून किंवा रेफर केल्यापासून चालू होत नाही, बाळ जन्मल्यापासून होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये आपली शिफारस बदलली तेव्हा हेच धरलं : नेहमीच्या उपचारांसोबत, जन्मापासून तीन तासांच्या आत, एक ग्रॅम, सुमारे दहा मिनिटांत सावकाश शिरेतून. म्हणूनच रेफरल चिठ्ठीवर जन्माची नेमकी वेळ आणि पहिला डोस दिला असल्यास त्याची वेळ, या दोन नोंदी ठळक हव्यात. दुसऱ्या टोकाला बसलेल्या सिस्टरला त्यावरूनच पुढचं ठरवता येतं.

गोषवाऱ्यात नसलेली एक गोष्ट

गोषवारा चाचणीत काय झालं ते सांगतो, कपाटात काय होतं ते नाही. ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या ॲम्प्युल काही कंपन्यांच्या बाबतीत पाठीच्या कण्यात देतात त्या भुलीच्या औषधाच्या ॲम्प्युलसारख्याच दिसतात. सिझेरियनच्या वेळी दोन्ही एकाच ट्रेमध्ये आली आणि घाईत चुकून हे औषध कण्यात गेलं, असे प्रकार जगभर घडलेले आहेत. त्यात झटके येतात, हृदयाची लय बिघडते आणि मृत्यूचं प्रमाण फार मोठं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याबद्दल खास इशारा दिला होता. उपाय साधा आहे. ट्रानेक्झॅमिक ॲसिड भुलीच्या औषधांपासून वेगळं, शक्यतो थिएटरच्या ॲनेस्थेशिया ट्रॉलीबाहेर ठेवायचं, त्यावर ‘फक्त शिरेतून’ असं मोठ्या अक्षरात लिहायचं, आणि भरण्याआधी लेबल मोठ्याने वाचायचं. सेमिनारमध्ये कोणी ‘दुष्परिणामांत फरक नव्हता’ असं वाचून खाली बसली की तिला मी हाच प्रश्न विचारते : तुमच्या वॉर्डात ही ॲम्प्युल कोणत्या कप्प्यात ठेवलेली असते?